जुन्या हातनकाशाच्या फोटोवरून प्लॉटचे क्षेत्र कसे सांगावे : साखळी, आणे आणि गुंठे

मोजणीच्या कामातून मोकळा झाल्यापासून माझ्या फोनवर सर्वांत जास्त काय येत असेल, तर जुन्या कागदांचे फोटो. पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद, त्यावर शाईने काढलेली वाकडी चौकट, कडेने काही आकडे आणि खाली एक ओळ : "मामा, हा प्लॉट केवढा आहे?" विचारणाऱ्याला मालकीचा इतिहास नको असतो, नोंदींचे शास्त्रही नको असते. त्याला एक आकडा हवा असतो आणि तो त्याला समजणाऱ्या मापात, म्हणजे गुंठ्यांत आणि चौरस फुटांत हवा असतो. हा एक आकडा बरोबर यावा म्हणून फोटो कसा वाचावा आणि हिशोब कसा करावा, हे तासगाव भागातून भाच्याने पाठवलेल्या एका नकाशाच्या आधारे येथे सांगतो.

त्या फोटोत एक चौकोन होता. चार बाजूंवर क्रमाने ३-२, ४-४, २-१२ आणि ४-० असे आकडे होते. चौकोनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तुटक रेघ होती आणि तिच्यावर ५॥ असे लिहिले होते. त्या रेघेवर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांतून लंब टाकलेले होते, एकावर २-६ आणि दुसऱ्यावर १-१४. खाली "क्षेत्र ०-११-११" अशी ओळ होती, तिच्याखाली दोन नावे आणि प्रत्येक नावापुढे "आणे ८". एकाही आकड्यापुढे माप लिहिलेले नव्हते. जुन्या कागदांचे हेच होते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला माप ठाऊक असायचे, त्यामुळे ते लिहिण्याची गरज कोणालाच वाटत नसे.

आधी काळ ओळखावा

०-११-११ हे तीन आकडे दोन तऱ्हेने वाचता येतात. जुन्या पद्धतीत ते शून्य एकर, अकरा गुंठे, अकरा आणे होतात, तर दशमान पद्धतीत शून्य हेक्टर, अकरा आर, अकरा चौरस मीटर. बहुतेक वेळा आकडेच आपली पद्धत सांगतात. एकराचे चाळीस गुंठे असल्यामुळे मधला आकडा ३९ च्या पुढे जात नाही, आणि गुंठ्याचे सोळा आणे असल्यामुळे शेवटचा आकडा १५ च्या पुढे जात नाही. म्हणून ०-५२-३० असे दिसले, तर ते निःसंशय हेक्टर-आर आहे. मात्र उलट बाजूने तेवढी खात्री देता येत नाही. ०-११-११ दोन्ही पद्धतींत बसते, आणि नेमक्या अशाच कागदांवर चुका होतात.

अशा वेळी मी आकडे बाजूला ठेवून कागदाचा मथळा पाहतो. भाच्याच्या फोटोत मथळा अर्धाच आला होता, पण "जि. द. सातारा" एवढे वाचता येत होते. सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. म्हणजे ज्या कागदावर मूळचेच दक्षिण सातारा आहे, तो त्या अकरा-बारा वर्षांतला. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा, आणि जमिनीच्या नोंदी हेक्टर-आरमध्ये नेण्याचे काम त्याच्या नंतरचे. तेव्हा हे अकरा गुंठे अकरा आणेच असणार, असा कौल मथळ्यानेच दिला. नुसता शिक्का किंवा नकलेची तारीख पाहून मात्र काळ ठरवू नये, कारण जुन्या कागदाची नक्कल कधीही काढता येते आणि नकलेवर नवी तारीख पडते.

"स. नं." आणि "गट नं." यांतला फरकही काळ ओळखायला उपयोगी पडतो. एकत्रीकरणाची योजना १९४७ च्या कायद्यानुसार गावोगावी झाली आणि तिच्यानंतर गट नंबर आले. तथापि प्रत्येक गावात योजना एकाच वर्षी झाली नाही, म्हणून या खुणेवर मी मथळ्याइतका भरवसा ठेवत नाही.

आण्याचे तीन अर्थ

एकाच कागदावर "आणे" हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी येऊ शकतो, आणि भाच्याच्या नकाशात तो तिन्ही अर्थांनी होता. घोटाळ्याचे मूळ येथे असल्यामुळे हा भाग सावकाश वाचावा.

पहिला अर्थ लांबीचा. आमच्याकडची जुनी मोजणी तेहतीस फुटी साखळीने होई आणि त्या साखळीचे सोळा भाग पाडलेले असत. प्रत्येक भाग म्हणजे एक आणा, अर्थात दोन फूट आणि पाऊण इंच. बाजूवर ३-२ लिहिले असेल, तर ती बाजू तीन साखळ्या आणि दोन आणे लांब आहे.

दुसरा अर्थ क्षेत्राचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, असा तुकडा एक गुंठा होतो. त्याचे १,०८९ चौरस फूट भरतात. या गुंठ्याचा सोळावा हिस्सा म्हणजे क्षेत्राचा आणा, अंदाजे ६८ चौरस फूट. साखळी निवडताना तेहतीस फूट का निवडले, ते यावरून लक्षात येते. बाजू साखळ्यांत धरून गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांत मिळते, मध्ये दुसरे काही करावे लागत नाही. हिशोब करणाऱ्याची ती मोठी सोय होती.

तिसरा अर्थ हिश्श्याचा. सोळा आणे म्हणजे संपूर्ण मालकी, म्हणून "आणे ८" म्हणजे निम्मा हिस्सा. नावापुढे लिहिलेल्या आण्यांचा लांबीशी किंवा क्षेत्राशी काहीही संबंध नसतो. एका गृहस्थांनी क्षेत्राच्या ओळीत नावापुढचे आणे मिळवून बेरीज केलेली मी पाहिली आहे. त्यांच्या हिशोबाने जमीन एका गुंठ्याने वाढली होती आणि ती कोठून आली, हे त्यांना सांगता येत नव्हते.

कोणता अर्थ कोठे घ्यायचा, हे जागेवरून ठरते. रेघेवरचे आणे लांबीचे, "क्षेत्र" या शब्दापुढचे गुंठ्याचे आणि नावापुढचे हिश्श्याचे.

पाव-अर्ध्याच्या दांड्या

कर्णावर ५॥ लिहिलेले होते. भाच्याने ते ५११ वाचले आणि "एवढी लांब बाजू कशी?" असे वेगळे विचारले. मोडीतून आलेल्या लिहिण्याच्या सवयीत आकड्यापुढची एक उभी दांडी म्हणजे पाव, दोन दांड्या म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. ५॥ म्हणजे साडेपाच साखळ्या, अर्थात पाच साखळ्या आठ आणे. याच रीतीने २। म्हणजे सव्वादोन. फोटोत दांडी आणि १ हा आकडा सारखे दिसतात, त्यामुळे सव्वादोन गुंठ्यांचे एकवीस गुंठे होऊ शकतात. असे आकडे ओळखण्याची एक खूण आहे. त्याच कागदावर निर्विवाद १ कोठे लिहिला आहे, ते शोधावे आणि त्याच्या डोक्याची गोलाई पाहावी. दांडीला गोलाई नसते.

फोटो कसा मागवावा

फोटोतल्या रेघा पडद्यावर मोजून क्षेत्र काढू नये. कागद तिरपा धरलेला असतो, भिंगामुळे कडा वाकतात आणि "एक इंचास एक साखळी" असे प्रमाण लिहिलेले असले, तरी फोटोत त्या इंचाला अर्थ उरत नाही. झेरॉक्सवरसुद्धा हा भरवसा नसतो, कारण ती लहान-मोठी करून काढलेली असू शकते. फोटोतून फक्त आकडे घ्यायचे, लांबी नाही.

म्हणून एकच फोटो पुरत नाही. संपूर्ण कागदाचा एक फोटो चारही कोपरे दिसतील असा, मग प्रत्येक आकड्याजवळून एकेक, आणि कागदाची पाठ, असे फोटो मी मागवतो. प्रकाश बाजूने पडलेला असावा. शाई उडालेली असली, तरी टाकाचा दाब तिरप्या उजेडात दिसतो. घडीवर आलेला आकडा सर्वांत धोक्याचा असतो. १ आणि ९ यांचा घोटाळा मी घडीवरच जास्त पाहिला आहे. भाच्याच्या कागदावर १-१४ हा लंब नेमका घडीवर होता आणि पहिल्या फोटोत तो ९-१४ सारखा दिसत होता. बाजू जेमतेम तीन-चार साखळ्यांच्या असताना लंब पावणेदहा साखळ्यांच्या वर असणे शक्यच नव्हते, म्हणून जवळचा फोटो मागवला आणि तो १-१४ निघाला.

हिशोब

आता प्रत्यक्ष काम. प्रथम आण्यांचे साखळीच्या अपूर्णांकात रूपांतर करावे आणि त्यासाठी आण्यांना सोळाने भागावे. कर्ण ५॥ म्हणजे ५.५. लंब २-६ म्हणजे २ अधिक ६ भागिले १६, म्हणजे २.३७५. लंब १-१४ म्हणजे १.८७५.

या पायरीवर सर्रास होणारी चूक म्हणजे मधली आडवी रेघ दशांश चिन्ह समजून २-६ ला २.६ आणि १-१४ ला १.१४ धरणे. १-१४ म्हणजे जवळजवळ दोन साखळ्या, १.१४ म्हणजे एकाहून थोडी जास्त, एवढा हा फरक आहे. नवीन असताना ही चूक मीही केली होती आणि ती पकडणे का कठीण असते, ते पुढे दिसेल.

कर्णामुळे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाचे क्षेत्र पाया आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. दोन्ही त्रिकोणांचा पाया एकच, म्हणजे कर्ण, असल्यामुळे दोन्ही लंबांची बेरीज करून एकदाच गुणाकार केला तरी चालतो. लंबांची बेरीज ४.२५. तिला ५.५ ने गुणले की २३.३७५ येतात आणि त्याचे निम्मे ११.६८७५ गुंठे. अकरा गुंठे बाजूला ठेवून उरलेल्या ०.६८७५ ला सोळाने गुणले की नेमके ११ आणे येतात. म्हणजे अकरा गुंठे अकरा आणे, जे कागदावर ०-११-११ असे लिहिलेलेच होते.

हा मेळ बसला की तीन गोष्टी एकदम सिद्ध होतात : साखळी तेहतीस फुटी आहे, क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत आहे, आणि आपण आकडे बरोबर वाचले आहेत. साखळी सहासष्ट फुटी असती, तर तिचा एक चौरस चार गुंठ्यांचा झाला असता आणि उत्तर ४६ गुंठ्यांच्या पुढे गेले असते. क्षेत्र दशमान पद्धतीचे असते, तर ते १,१११ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ११,९६० चौरस फूट भरले असते आणि बाजूंशी त्याचा मेळ बसला नसता. मथळ्याने दिलेला कौल येथे आकड्यांनी पक्का केला. मथळा फाटलेला असता, तरी हा ताळा पुरेसा होता.

आता दशांशाच्या चुकीकडे वळू. कर्ण ५-८ असा मांडून तो ५.८ आणि लंब २.६ व १.१४ धरून हिशोब केला, तर उत्तर १०.८५ गुंठ्यांच्या आसपास येते. "अकरा गुंठे" हे ऐकलेले असले, की हे उत्तर खरे वाटते आणि चूक झाली आहे, अशी शंकाही येत नाही. म्हणून ताळा "साधारण जुळतो" यावर थांबू नये. आण्यापर्यंत जुळला तरच जुळला म्हणावे. आकडा एक-दोन आण्यांनी हलत असेल, तर तो मोजणीतील पूर्णांक धरण्याचा परिणाम असू शकतो. दहा-बारा आण्यांचा फरक असेल, तर आपण काहीतरी चुकीचे वाचले आहे.

कर्ण नसेल तर

पुष्कळ हातनकाशांवर फक्त चार बाजू असतात आणि लोक समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. भाच्याच्या नकाशावर कर्ण नसता, तर काय झाले असते? ३-२ आणि २-१२ यांची सरासरी २.९३७५ साखळ्या, ४-४ आणि ४-० यांची ४.१२५, गुणाकार १२.१२ गुंठे, म्हणजे जवळजवळ बारा गुंठे दोन आणे. खऱ्या क्षेत्रापेक्षा हे साडेचारशे चौरस फुटांहून जास्त आहे. सरासरीचा हा दोष नेहमी एकाच दिशेने जातो. आयत सोडला, तर कोणत्याही चौकोनात ती क्षेत्र फुगवूनच दाखवते, कधीही कमी दाखवत नाही. विकणाऱ्याच्या बाजूने हा हिशोब का आवडता असतो, ते यावरून समजावे.

चार बाजू ठाऊक असल्या, तरी चौकोन चेपून चपटा करता येतो, म्हणून केवळ बाजूंवरून क्षेत्र निश्चित होत नाही. एक कर्ण हवाच. तो नसेल आणि क्षेत्राची ओळही नसेल, तर "इतक्यापेक्षा जास्त नाही" एवढेच उत्तर द्यावे.

बिघ्यांचा उल्लेख असलेल्या कागदांचे वेगळे आहे. सातारा, सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानी मुलखातले जुने इनामी कागद कधीकधी बिघे आणि पांड यांत लिहिलेले असतात. वीस पांडांचा बिघा आणि वीस काठ्यांचा पांड हा हिशोब ठरलेला असला, तरी काठी हाताने आणि मुठीने ठरत असल्यामुळे तिची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. फोनवर शोधून मिळणारा बिघा बहुधा दुसऱ्या प्रांतातला असतो. बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा आहे, तो आमच्या कागदाला लावून काहीही साध्य होत नाही. अशा वेळी रूपांतर करत बसू नये. त्याच सर्व्हे नंबरची नंतरची एकर-गुंठ्यांतली नोंद शोधावी.

रूपांतर आणि किती बारकाईने सांगावे

११.६८७५ ला १,०८९ ने गुणले की १२,७२७.६९ चौरस फूट येतात. चौरस मीटरमध्ये ते १,१८२.४४, म्हणजे अकरा आर आणि साडेब्याऐंशी चौरस मीटरच्या आसपास. येथे गुंठा आणि आर एकच धरण्याची सवय सोडावी. आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फुटांचा असतो आणि गुंठ्यापेक्षा तो तेरा चौरस फुटांनी लहान आहे. एका गुंठ्यात हा फरक डोळ्यांत भरत नाही, पण या प्लॉटवर तो दीडशे चौरस फुटांपर्यंत जातो.

एवढे सगळे करून १२,७२७.६९ हा आकडा जसाच्या तसा कळवू नये. मोजणाऱ्याने आण्यापर्यंतच माप घेतले आहे आणि आणा दोन फुटांचा आहे. म्हणजे प्रत्येक रेघेत एक फूट इकडे-तिकडे असणे शक्य आहे. तिन्ही रेघा एकाच दिशेने चुकल्या असतील, तर क्षेत्रात जवळजवळ पाव गुंठ्याचा, म्हणजे अडीचशे चौरस फुटांहून थोडा अधिक फरक पडू शकतो. दशांशातला ६९ हा आकडा अशा मोजणीत दिखाऊ आहे. सुमारे १२,७०० चौरस फूट म्हणावे, किंवा आमच्या भाषेत पावणेबारा गुंठ्यांना एक आणा कमी.

भाच्याला मी पाठवलेले उत्तर असे होते : "कागदाप्रमाणे सगळा प्लॉट ११ गुंठे ११ आणे, म्हणजे अंदाजे १२,७०० चौरस फूट. आकडे बाजूंशी जुळतात. आज जागेवर तेवढाच भरेल का, ते नवीन मोजणीनेच कळेल. दोन नावांपुढे आठ-आठ आणे आहेत. तुला सगळा घ्यायचा आहे की एकाचाच हिस्सा?"

विचारलेल्याचे उत्तर पहिल्याच वाक्यात दिले आणि प्रश्न शेवटी एकच विचारला. तो विचारणे भाग होते, कारण उत्तर आले ते असे : "एकाचाच, मामा. तो तुटक रेघेच्या वरचा भाग दाखवतोय."

आठ आण्यांचा हिस्सा म्हणजे पाच गुंठे साडेतेरा आणे, सुमारे ६,३६० चौरस फूट. तुटक रेघ मात्र मोजणीसाठी आखलेला कर्ण आहे, ती वाटणीची हद्द नव्हे. तिच्या एका बाजूचा त्रिकोण सहा गुंठे साडेआठ आण्यांचा आहे आणि दुसऱ्या बाजूचा पाच गुंठे अडीच आण्यांचा. दोन्हींपैकी एकही निम्मा नाही. वरचा भाग कोणत्या लंबाकडचा आहे, हे भाच्याने पुन्हा फोटो पाहून सांगितले. १-१४ च्या बाजूचा, म्हणजे लहान त्रिकोण. निम्म्याच्या नावाखाली त्याला अकरा आणे, म्हणजे जवळजवळ साडेसातशे चौरस फूट कमी दाखवले जात होते.